पॅरासिटामॉलच्या गोळीचा अ‍ॅसे : कॉस्टिक दोनदा का टाकायचं?

डी.फार्म.च्या जर्नलमधे पॅरासिटामॉल गोळीचा अ‍ॅसे म्हणजे गोळीत औषध खरंच किती आहे ते मोजायचा प्रयोग अर्ध्या पानात उरकलेला असतो. पावडर घ्या, सोडियम हायड्रॉक्साइड म्हणजे कॉस्टिक टाका, हलवा, गाळा, विरल करा, परत सोडियम हायड्रॉक्साइड टाका, यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर या यंत्रावर २५७ नॅनोमीटरला रीडिंग घ्या. पोरं ते उतरवून काढतात आणि ‘परत’ या शब्दावर कोणी थांबत नाही. एकदा कॉस्टिक टाकलं, औषध विरघळलं, मग परत कशाला? यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बरीच वर्षं ही प्रयोगशाळा चालवते, आणि या प्रयोगात आलेले निम्मे चुकीचे आकडे मला याच जागी सापडलेत. म्हणून इथे पहिल्या पायरीपासून सगळं सांगते, पण जास्त वेळ त्या दुसऱ्या कॉस्टिकवरच थांबणार आहे.

आधी साहित्य. एकाच बॅच नंबरच्या ५०० मिलिग्रॅमच्या २० गोळ्या, म्हणजे दहाच्या दोन स्ट्रिप. ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे ४ ग्रॅम पेलेट्स पाण्यात विरघळवून १ लिटर केलेलं. पावसाळ्यात पेलेट्स वजनकाट्यावरच ओल्या होतात आणि पोरं घाबरतात, की ताकद चुकली तर? इथे कॉस्टिकचं काम फक्त द्रावण अल्कधर्मी ठेवायचं आहे. आपण टायट्रेशन करत नाही, त्यामुळे ०.१ च्या जागी ०.०९८ झालं तरी निकाल हलत नाही. हे द्रावण मात्र प्लास्टिकच्या बाटलीत ठेवा. काचेच्या बुचाच्या बाटलीत ठेवलं तर बूच असं चिकटतं, की बाटलीच फोडावी लागते. पिपेटला रबरी बल्ब लावा, तोंडाने ओढू नका, डोळ्यांवर चष्मा असू द्या.

काचसामानात एक २०० मिलिलिटरचा आणि दोन १०० मिलिलिटरचे व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क लागतील. १० मिलिलिटरच्या दोन पिपेट घ्या, एक औषधाच्या द्रावणासाठी आणि एक कॉस्टिकसाठी. क्युव्हेट क्वार्ट्झच्याच हव्यात. साधी काच आणि प्लास्टिक दोन्ही २५७ नॅनोमीटरचा प्रकाश स्वतःच अडवतात. चुकून काचेची क्युव्हेट लावली, तर नुसतं पाणी ठेवूनही यंत्र वेडंवाकडं रीडिंग देतं आणि शून्य काही केल्या होत नाही.

आणि पाणी. आमच्याकडे नळाला बोअरचं पाणी येतं. कपडे धुतले तरी साबणाला फेस येत नाही इतकं जड. एका पोट्ट्याने डिस्टिल्ड वॉटरचा कॅन संपला म्हणून शेवटचा फ्लास्क नळाच्या पाण्याने भरला. त्याचं काय झालं ते पुढे येईल. इथे एवढंच, की या प्रयोगात ‘पाणी’ लिहिलंय तिथे तिथे डिस्टिल्ड वॉटर समजा.

पावडर आणि वजन

वीसही गोळ्या एकत्र तोला. मागच्या खेपेला आमचं वजन ११.६४० ग्रॅम आलं. म्हणजे एका गोळीचं सरासरी वजन ०.५८२० ग्रॅम. त्यातलं ५०० मिलिग्रॅम औषध आणि उरलेलं ८२ मिलिग्रॅम स्टार्च, टाल्क, मॅग्नेशियम स्टिअरेट असला भरणा. हा सरासरी आकडा वहीत ठळक लिहा, शेवटी लागणार आहे. मग सगळ्या गोळ्या खलात बारीक वाटा, मैद्यासारख्या. खडा राहिला तर त्याच्या पोटातलं औषध पाण्यात उतरत नाही. तीन-चार गोळ्या वाटून काम भागवायचा मोह होतो, पण मग गोळीगणिक असलेला फरक निकालात शिरतो.

आपल्याला साधारण १५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असलेली पावडर हवी. ५०० मिलिग्रॅम औषधासाठी ५८२ मिलिग्रॅम पावडर, तर १५० साठी १७४.६ मिलिग्रॅम. नवी पोरं काट्यासमोर बसून कणाकणाने टाकत-काढत बरोबर १७४.६ आणायचा खटाटोप करतात. त्याची गरज नाही. आसपास घ्या आणि जे आलं ते तंतोतंत लिहा. आमचं आलं ०.१७५२ ग्रॅम. तोलताना पंखा बंद करावा लागतो, आणि मे महिन्यात तेवढी पाच मिनिटं फार जड जातात, पण चौथा दशांश पंख्याखाली स्थिर राहत नाही. पावडर बटर पेपरवर तोला, फ्लास्कमधे ओता आणि रिकामा कागद परत तोला. कागदाला चिकटून राहिलेली पावडर त्या दुसऱ्या वजनात कळते आणि वजा होते.

पहिलं कॉस्टिक : औषध बाहेर काढायला

२०० मिलिलिटरच्या फ्लास्कमधे पावडर गेली की त्यात ५० मिलिलिटर ०.१ मोलर कॉस्टिक आणि १०० मिलिलिटर पाणी टाका आणि १५ मिनिटं हलवा. शेकर असेल तर उत्तम. नसेल तर हाताने, दोघांनी आळीपाळीने, घड्याळ लावून. ‘झालं की’ असं म्हणून सात मिनिटांत थांबू नका.

इथे कॉस्टिकचं काम काय? पॅरासिटामॉल गार पाण्यात बेताचंच विरघळतं, आणि भरण्यात अडकलेला कण बाहेर यायला वेळ लावतो. त्याच्या रेणूला फिनॉलचा एक हायड्रोजन असतो. कॉस्टिक तो हायड्रोजन काढून घेतं, रेणू आयन होतो, आणि आयन पाण्यात झटकन उतरतो. स्टार्च, टाल्क वगैरे बहुतेक तसेच राहतात आणि द्रावण दुधट दिसतं. दुधट दिसलं म्हणून घाबरू नका, हा गदळ पुढे गाळला जाईल.

हलवून झालं की फेस बसू द्या. फेस असताना खूण गाठली की पाणी कमी-जास्त पडतं. मग पाण्याने २०० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत भरा, डोळा खुणेच्या पातळीत आणून, द्रवाची खालची वक्र कड रेषेला टेकेपर्यंत. बूच लावून फ्लास्क दहा-बारा वेळा उलटा-सुलटा करा.

आता गाळणं, आणि इथे एक जुनी सवय नडते. दुसऱ्या प्रयोगांत आपण गाळणकागदावर साका धरतो आणि तो पाण्याने धुतो. इथे कागद धुवायचा नाही, कारण आपण २०० मिलिलिटर आधीच पूर्ण केलेत. आपल्याला सगळं द्रावण नको, त्यातले फक्त १० मिलिलिटर हवेत, पण ते न बदललेले हवेत. म्हणून कागद कोरडा, नरसाळं कोरडं, खालचं बीकर कोरडं. पहिले १०–१५ मिलिलिटर फेकून द्या. कागद सुरुवातीला थोडं औषध शोषतो आणि बीकरला असलेली ओलही त्यात धुवून जाते. त्यानंतर खाली येणारं द्रावण नितळ हवं. नसेल तर तोच कागद ठेवून परत गाळा.

दोनदा विरल करणं

गाळलेल्या द्रावणातले १० मिलिलिटर पिपेटने घ्या, १०० मिलिलिटरच्या फ्लास्कमधे टाका, पाण्याने खुणेपर्यंत भरा, हलवा. याला मी ‘मधलं द्रावण’ म्हणते. आता मधल्या द्रावणातले १० मिलिलिटर दुसऱ्या १०० मिलिलिटरच्या फ्लास्कमधे घ्या. यात दुसरं कॉस्टिक, ०.१ मोलरचं, बरोबर १० मिलिलिटर टाका, आणि मग पाण्याने खुणेपर्यंत भरा.

दोन बारकावे. ज्या द्रावणातून घ्यायचं त्याच द्रावणाने पिपेट आधी दोनदा खंगाळा. फ्लास्क मात्र फक्त पाण्याने खंगाळायचा, तो ओला राहिला तरी चालतं, कारण त्यात पाणीच जाणार आहे. पोरं याच्या नेमकं उलट करतात : पिपेट पाण्याने धुतलेली ओलीच वापरतात आणि फ्लास्क द्रावणाने खंगाळतात. पहिल्या चुकीने आकडा खाली जातो, दुसरीने वर.

हिशेबात सांगायचं तर १५० मिलिग्रॅम औषध २०० मिलिलिटरमधे गेलं, ते दहापट विरल झालं, परत दहापट झालं. शेवटच्या फ्लास्कमधे १०० मिलिलिटरला ०.७५ मिलिग्रॅम, म्हणजे ०.०००७५ ग्रॅम राहतं. इतकं पातळ का करायचं? कारण जाड द्रावणातून प्रकाश पलीकडे पोचतच नाही आणि यंत्राचा आकडा भरवशाचा राहत नाही. या संहतीला अ‍ॅबसॉर्बन्स म्हणजे द्रावणाने अडवलेल्या प्रकाशाचा आकडा ०.५ च्या थोडा वर येतो, आणि तिथे यंत्र सगळ्यात चांगलं चालतं.

दुसरं कॉस्टिक : रूप एकच ठेवायला

गेल्या वर्षी चार पोरांची एक बॅच एक्झिट परीक्षेच्या तयारीत हा प्रयोग करत होती. रीडिंग आलं ०.५०८. हिशेब झाला आणि एकजण पळत आला, “मॅडम, गोळी तं फेल झाली जी! चौऱ्याण्णवच टक्के येऊन रायले.” त्याच्या चेहऱ्यावर भेसळ पकडल्याचा आनंद होता. स्ट्रिप गावातल्याच मेडिकलची, तेव्हा बातमी गावभर व्हायला वेळ लागला नसता.

मी विचारलं, शेवटच्या फ्लास्कमधे काय काय टाकलं? “दहा एमएल घेतलं, पाण्यानं भरलं.” कॉस्टिक? “ते तं पयलेच टाकलं होतं न मॅडम.”

टाकलं होतं, खरं आहे. पण किती उरलं ते मोजा. ५० मिलिलिटर ०.१ मोलर २०० मिलिलिटरमधे गेलं म्हणजे ०.०२५ मोलर झालं. मग दहापट आणि परत दहापट विरल झालं, म्हणजे उरलं ०.०००२५ मोलर. याचा पीएच साधारण १०.४. ऐकायला चांगलाच अल्कधर्मी वाटतो. पण पॅरासिटामॉलच्या त्या फिनॉल-हायड्रोजनचा पीकेए सुमारे ९.५ आहे. पीएच ९.५ ला निम्मे रेणू आयन असतात आणि निम्मे साधे. १०.४ ला साधारण नव्वद टक्के आयन होतात, आणि दहा-अकरा टक्के रेणू साधेच राहतात. डिस्टिल्ड वॉटर बरेच दिवस उघडं पडलेलं असेल, तर त्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरलेला असतो. तो या नावापुरत्या कॉस्टिकलाही खातो, आणि साध्या रेणूंचा वाटा आणखी वाढतो.

मग बिघडलं कुठे? साधा रेणू आणि आयन हे अतिनील प्रकाशाच्या दृष्टीने दोन वेगळे पदार्थ आहेत. आम्लात साध्या रेणूचं शिखर २४५ नॅनोमीटरच्या जवळ असतं. आयनाचं शिखर २५७ ला असतं आणि ते जास्त उंच असतं. आपला हिशेब ज्या आकड्यावर उभा आहे, तो २५७ ला ७१५ हा आकडा सगळे रेणू आयन असतानाचा आहे, त्याचा अर्थ पुढे हिशेबात सांगते. दहा टक्के रेणू आयन नसले तर ते २५७ ला आपला पूर्ण वाटा देत नाहीत, आणि रीडिंग काही टक्क्यांनी घसरतं. फार नाही घसरत, आणि घात तिथेच होतो. रीडिंग निम्म्यावर आलं असतं तर कोणीही चूक शोधली असती. चार-पाच टक्के कमी आलं की माणूस गोळीवर संशय घेतो.

दुसरे १० मिलिलिटर टाकले की शेवटच्या फ्लास्कमधे ०.०१ मोलर कॉस्टिक होतं, पीएच १२. तिथे साध्या रेणूंचा वाटा एका टक्क्याच्याही खाली जातो, आणि मुरलेला कार्बन डायऑक्साइड त्याला हलवू शकत नाही.

त्या चौघांचं मधलं द्रावण अजून टेबलावर होतं. त्यातलेच १० मिलिलिटर घेतले, कॉस्टिक टाकलं, खुणेपर्यंत भरलं. रीडिंग आलं ०.५३३. त्याच गोळ्या, तीच पावडर, तेच गाळलेलं द्रावण.

ही चूक न विचारताही ओळखता येते. एकाच तरंगलांबीवर रीडिंग घेऊन उठू नका. २३० ते ३२० नॅनोमीटरपर्यंत स्कॅन करा. शिखर २५७ ला नीट उभं दिसलं तर ठीक. शिखर डावीकडे सरकलेलं, खांदा पडलेला किंवा माथा चपटा झालेला दिसला, तर कॉस्टिक राहिलंय. स्कॅनला दोन मिनिटं लागतात.

रीडिंग घेताना

यंत्र चालू केल्यावर ड्युटेरियम दिव्याला अर्धा तास तापू द्या. आमच्याकडे लोडशेडिंगचा खेळ असतो. लाइट गेली आणि आली तर यंत्र परत सुरू होतं आणि स्वतःची तपासणी करून ‘तयार’ म्हणतं. पण दिवा अजून स्थिर झालेला नसतो. लाइट गेली असेल तर परत थांबा, परत ब्लँक लावा. आधीच्या ब्लँकवर पुढची रीडिंग घ्यायची नाहीत.

ब्लँक म्हणजे नुसतं पाणी नव्हे. १० मिलिलिटर ०.१ मोलर कॉस्टिक, पाण्याने १०० मिलिलिटर केलेलं, म्हणजे आपल्या शेवटच्या फ्लास्कमधे जे आहे ते सगळं, फक्त औषध सोडून. क्युव्हेटच्या नितळ बाजूंना बोट लावू नका, खरखरीत बाजूंनी धरा. बाहेरचा थेंब टिश्यूने टिपून घ्या, आत बुडबुडा नाही ना ते बघा. क्युव्हेट नमुन्याने दोनदा खंगाळून मग भरा.

आता तो नळाच्या पाण्याचा पोट्टा. त्याचा निकाल वर गेला होता, १०५ च्याही पुढे. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बायकार्बोनेटच्या रूपात असतात. त्यात कॉस्टिक पडलं की कॅल्शियम कार्बोनेट आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचे इतके बारीक कण धरतात, की डोळ्याला फ्लास्क नितळच वाटतो. यंत्राला मात्र ते कण प्रकाश विखुरताना दिसतात, आणि विखुरलेला प्रकाशही ते ‘शोषलेला’ म्हणून मोजतं. ओळखायची युक्ती सोपी आहे : तोच नमुना ४०० नॅनोमीटरला बघा. पॅरासिटामॉल तिथे काहीच शोषत नाही, म्हणून आकडा शून्याच्या आसपास हवा. त्याचा बराच वर होता. असं दिसलं तर ४०० चा आकडा २५७ मधून वजा करून मोकळं होऊ नका, कारण बारीक कण लहान तरंगलांबीचा प्रकाश जास्त विखुरतात आणि ती वजाबाकी पुरत नाही. फ्लास्क नव्याने, डिस्टिल्ड वॉटरने करा. नीट न गाळलेला भरणाही हीच लक्षणं दाखवतो.

उन्हाळ्यातली एक बारीक गोष्ट. पत्र्याच्या खोलीत ठेवलेला कॅन दुपारी चाळिशीच्या वर तापलेला असतो आणि यंत्राच्या खोलीत एसी असतो. तापलेल्या पाण्याने २०० मिलिलिटरची खूण गाठली आणि द्रावण गार झाल्यावर त्यातून पिपेटने घेतलं, तर पाणी आकसल्यामुळे त्या १० मिलिलिटरमधे सुमारे ०.४ टक्के औषध जास्त येतं. निकाल काठावर असेल तर तेवढंही पुरतं. कॅन आदल्या दिवशीच यंत्राच्या खोलीत आणून ठेवत जा.

द्रावण त्याच दिवशी मोजा. पॅरासिटामॉल अल्कधर्मी पाण्यात हळूहळू तुटून पॅरा-अमिनोफिनॉल होतं, आणि ते हवेने तपकिरी पडतं. रात्रभर ठेवलेल्या फ्लास्कला रंगाची झाक आली असेल तर तो फेकायचाच.

हिशेब

७१५ चा अर्थ असा : १०० मिलिलिटरमधे १ ग्रॅम औषध असतं आणि प्रकाश १ सेंटिमीटर चालला असता, तर २५७ ला अ‍ॅबसॉर्बन्स ७१५ झाला असता. इतका अ‍ॅबसॉर्बन्स कुठलंच यंत्र मोजू शकत नाही, हा फक्त प्रमाणाचा आकडा आहे. क्युव्हेट १ सेंटिमीटरची असल्याने रीडिंगला ७१५ ने भागलं की १०० मिलिलिटरमधले ग्रॅम मिळतात.

०.५३३ ÷ ७१५ = ०.०००७४५५ ग्रॅम.

हे शेवटच्या १०० मिलिलिटरमधलं औषध. ते सगळं मधल्या द्रावणाच्या १० मिलिलिटरमधून आलं, म्हणून मधल्या १०० मिलिलिटरमधे त्याच्या दहापट, ०.००७४५५ ग्रॅम. हेही गाळलेल्या द्रावणाच्या १० मिलिलिटरमधून आलं, आणि ते द्रावण एकूण २०० मिलिलिटरचं, म्हणून वीसपट.

०.००७४५५ × २० = ०.१४९१ ग्रॅम.

म्हणजे आपण तोललेल्या ०.१७५२ ग्रॅम पावडरमधे ०.१४९१ ग्रॅम पॅरासिटामॉल होतं. एका गोळीचं सरासरी वजन ०.५८२० ग्रॅम, तर

०.१४९१ × ०.५८२० ÷ ०.१७५२ = ०.४९५३ ग्रॅम.

एका गोळीत ४९५.३ मिलिग्रॅम, लेबलच्या ९९.१ टक्के. इंडियन फार्माकोपियाची मर्यादा लेबलच्या ९५ ते १०५ टक्के आहे, तेव्हा गोळी पास. आता हाच हिशेब ०.५०८ घालून करा. ४७२ मिलिग्रॅम येतात, ९४.४ टक्के, म्हणजे फेल. दहा मिलिलिटर कॉस्टिकने गोळी मर्यादेच्या या बाजूची त्या बाजूला गेली.

हिशेबात पोरं बहुतेक वेळा एक दहापट विसरतात आणि ४९.५ मिलिग्रॅम लिहून मोकळी होतात. पाचशेच्या गोळीत पन्नास मिलिग्रॅम निघणार नाही, एवढं मनाशी ठरवलेलं असलं की ती चूक लगेच दिसते.

आणखी एक. ७१५ हा आकडा बाहेरून घेतलेला आहे. तुमचं यंत्र २५७ म्हणून २५५ दाखवत असेल, तर तो आकडा तुमच्या कामाचा नाही. कॉलेजकडे शुद्ध पॅरासिटामॉल असेल तर त्याचे ०.१५०० ग्रॅम तोलून गोळीसारखेच सगळ्या पायऱ्यांतून न्या. रीडिंग ०.५३६ च्या आसपास आलं तर यंत्र, पिपेट आणि हात तिन्ही जागेवर आहेत. शुद्ध औषधालाच ०.५१ येत असेल तर गोळीकडे बोट दाखवायच्या आधी यंत्राची आणि कॉस्टिकची तपासणी करा. मी प्रत्येक बॅचच्या पहिल्या दिवशी हे करून घेते, आणि त्या दिवशी गोळी उघडूच देत नाही.

कुठल्या गोळीला हे चालत नाही

यंत्राला पॅरासिटामॉल ओळखता येत नाही, त्याला फक्त २५७ ला किती प्रकाश अडला ते कळतं. ६५० ची गोळी असेल तर काही अडचण नाही, १५० मिलिग्रॅम औषधाच्या हिशेबाने पावडर घ्या, बाकी सगळं तेच. पण एक पोरगी घरून अंगदुखीची गोळी घेऊन आली होती, आजीला डॉक्टरांनी लिहून दिलेली. स्ट्रिपवर ‘पॅरासिटामॉल’ मोठ्या अक्षरात, आणि खाली बारीक अक्षरात डायक्लोफिनॅक. डायक्लोफिनॅकचं शिखर २७६ च्या आसपास असलं तरी २५७ ला तेही प्रकाश अडवतं, आणि कॉस्टिकमधे तेही विरघळतं. गाळताना ते वेगळं होत नाही, आणि त्याचा वाटा पॅरासिटामॉलच्या खात्यात जमा होतो. कॅफिन, असेक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन असलेल्या जोडगोळ्यांची गतही अशीच. त्यांना आधी वेगळं करणारी पद्धत लागते, म्हणजे एचपीएलसी, आणि ते यंत्र आमच्याकडे नाही.

तिची स्ट्रिप मी परत दिली आणि साधी पाचशेची आणायला सांगितली. दुसऱ्या दिवशी ती दोन स्ट्रिप घेऊन आली, बॅच नंबर वेगवेगळे. परत पाठवली.